तुकड्यावरून अख्खं वर्तुळ: तीन बाजू, क्षेत्रफळ आणि परित्रिज्या

एका गोल चकतीचा तुटलेला तुकडा हाती आहे. बाकीची चकती नाही आणि तिचं केंद्र कुठे होतं हेही ठाऊक नाही. फक्त कडेचा थोडासा वक्र भाग शाबूत आहे. मूळ चकती केवढी होती, हे त्यावरून सांगता येईल का?

येईल, आणि त्यासाठी एक मोजपट्टी पुरेशी आहे. कडेवर कुठेही तीन खुणा करायच्या. त्यांना क्रमाने A, B आणि C म्हणू. मग या तीन बिंदूंमधली सरळ अंतरं मोजायची. समजा AB १० सेंटीमीटर आलं, BC ९ आणि AC १७. एवढ्या तीन आकड्यांत चकतीची त्रिज्या दडलेली आहे. ती बाहेर कशी काढायची आणि ती तिथे मुळात का असते, दोन्ही पाहू.

आधी हे पटायला हवं की तीन बिंदूंतून वर्तुळ जातं आणि ते एकच असतं. वर्तुळाचं केंद्र A पासून आणि B पासून सारख्याच अंतरावर असणार. दोन बिंदूंपासून समान अंतरावर असलेले सगळे बिंदू त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतात, म्हणजे त्याच्या बरोबर मध्यातून जाणाऱ्या लंब रेषेवर. तेव्हा केंद्र AB च्या लंबदुभाजकावर कुठेतरी आहे. त्याच कारणाने ते BC च्याही लंबदुभाजकावर आहे. दोन वेगवेगळ्या रेषा एकमेकींना छेदल्या तर एकाच बिंदूत छेदतात, म्हणून केंद्रासाठी जागा एकच उरते. तो बिंदू A आणि B पासून समदूर, B आणि C पासूनही समदूर, म्हणजे तिघांपासूनही समदूर. याला त्रिकोणाचं परिकेंद्र म्हणतात, तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाला परिवर्तुळ आणि त्याच्या त्रिज्येला परित्रिज्या.

हे बिघडतं ते एकाच प्रसंगी: A, B, C एका रेषेत असतील तर. मग दोन्ही लंबदुभाजक समांतर होतात, कधीच भेटत नाहीत आणि वर्तुळ मिळत नाही. ही गोष्ट लक्षात राहू द्या, कारण सूत्राची खरी अडचण याच प्रसंगाच्या जवळपास सुरू होते.

आता तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण ठरतो. बाबाबा कसोटी हेच सांगते. त्रिकोण ठरला की परिवर्तुळ ठरतं. म्हणजे त्रिज्या ही त्या तीन आकड्यांवरून निघायलाच हवी. कागदावर त्रिकोण काढून, कंपासने लंबदुभाजक टाकून ती मोजता येते. पण वर्तुळ फार मोठं असेल तर केंद्र कागदाच्या बाहेर कितीतरी दूर जातं. अशा वेळी आकडेमोडीचा रस्ताच कामाचा.

त्या रस्त्याचं सूत्र असं आहे:

R = abc / 4K

इथे a, b, c या तीन बाजू, K हे त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि R ही परित्रिज्या. तीन बाजूंचा गुणाकार करा आणि त्याला क्षेत्रफळाच्या चौपटीने भागा. एककांकडे पाहिलं तरी मेळ दिसतो: वर तीन लांबींचा गुणाकार, खाली लांबीचा वर्ग, उरते ती एक लांबी. पण हे सूत्र नुसतं पाठ केलं तर त्यातला ४ कुठून आला हे कळत नाही, आणि परीक्षेत किंवा प्रत्यक्ष कामात नेमका तोच विसरला जातो. म्हणून ते एकदा हाताने बांधून पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला त्रिकोणमिती लागत नाही. अर्धवर्तुळातला कोन आणि समरूप त्रिकोण एवढंच पुरतं.

त्रिकोण ABC आणि त्याचं परिवर्तुळ काढा. त्रिकोणाचा सर्वांत मोठा कोन B पाशी आहे असं धरू; आपल्या तुकड्यात तसंच आहे. B पासून AC वर लंब टाका. तो AC ला जिथे मिळतो त्या बिंदूला D म्हणा आणि लंबाची लांबी h धरा. आता B मधूनच वर्तुळाचा व्यास काढा. तो पलीकडे वर्तुळाला जिथे मिळतो तो बिंदू E. मग E आणि C जोडा.

आता दोन त्रिकोणांकडे लक्ष द्या. पहिला BDA. त्यात D पाशी काटकोन आहे, कारण आपणच तिथे लंब टाकला. दुसरा BCE. त्यात C पाशी काटकोन आहे, कारण BE हा व्यास आहे आणि अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो. शिवाय A पाशी असलेला कोन BAC आणि E पाशी असलेला कोन BEC हे दोन्ही BC या एकाच जीवेसमोर, तिच्या एकाच बाजूला, वर्तुळावर बसले आहेत. म्हणून ते समान आहेत. दोन कोन जुळले, तेव्हा दोन्ही त्रिकोण समरूप झाले आणि त्यांच्या बाजू एकाच प्रमाणात आल्या:

BA / BE = BD / BC

तिरका गुणाकार केला की BA × BC = BE × BD. BE हा व्यास, म्हणजे 2R. BD हा लंब, म्हणजे h. BC ला a आणि AB ला c म्हटलं तर:

ac = 2R × h

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंचा गुणाकार म्हणजे परिवर्तुळाचा व्यास गुणिले त्या दोन बाजू जिथे मिळतात तिथून तिसऱ्या बाजूवर टाकलेला लंब. क्षेत्रफळ अजून आलेलंच नाही. ते आता येतं: K म्हणजे पायाच्या आणि उंचीच्या गुणाकाराचं निम्मं. पाया AC, त्याला b म्हणू. तर K = bh / 2, म्हणून h = 2K / b. हा h वरच्या ओळीत घातला की ac = 4RK / b, आणि तिथून R = abc / 4K. चारातला एक २ व्यासातून आला आणि दुसरा त्रिकोणाच्या क्षेत्रफळातल्या अर्ध्यातून.

सर्वांत मोठ्या कोनाचा शिरोबिंदू का निवडला, हेही सांगतो. तिथून टाकलेला लंब नेहमी समोरच्या बाजूवरच पडतो, बाहेर वाढवलेल्या रेषेवर नाही. शिवाय उरलेले दोन्ही कोन लघुकोन असतात, त्यामुळे A आणि E हे BC च्या एकाच बाजूला येतात आणि कोन समान असल्याचं विधान कसलीही पुरवणी न जोडता टिकतं. पुष्कळ ठिकाणी सिद्धता कोणत्याही शिरोबिंदूपासून सुरू करतात आणि मग विशालकोन त्रिकोणासाठी वेगळा विचार करावा लागतो. शिरोबिंदू नीट निवडला की ती कटकट राहत नाही.

ज्यांना साइनचा नियम येतो त्यांना हेच दोन ओळींत मिळेल: b = 2R sin B आणि K = ½ ac sin B. यातून sin B काढून टाकलं की सूत्र तयार.

गाभ्याची ओळ जुनी आहे. ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हा नियम क्षेत्रफळाशिवायच्या रूपात दिला आहे: दोन भुजांचा गुणाकार लंबाच्या दुपटीने भागला की हृदयरज्जू मिळते. हृदयरज्जू म्हणजे आपली परित्रिज्या. लंबाच्या रूपातला हा नियम मोजमापाच्या कामात क्षेत्रफळाच्या सूत्रापेक्षा जास्त भरवशाचा ठरतो. तो का, ते पुढे आकड्यांतच दिसेल.

आता आपला तुकडा. बाजू ९, १० आणि १७. उंची मोजलेली नाही, म्हणून क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने काढू. अर्धपरिमिती म्हणजे तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं: ३६ चं निम्मं १८. त्यातून एकेक बाजू वजा केली की ९, ८ आणि १ उरतात. १८ × ९ × ८ × १ = १२९६, आणि त्याचं वर्गमूळ ३६. क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटीमीटर. बाजूंचा गुणाकार ९ × १० × १७ = १५३०. क्षेत्रफळाची चौपट १४४. १५३० ला १४४ ने भागलं की १०.६२५. म्हणजे मूळ चकतीची त्रिज्या १०.६२५ सेंटीमीटर, व्यास २१.२५.

(९, १०, १७ हा त्रिकोण भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. ९ ही बाजू पाया धरली तर लंब पायाच्या बाहेर पडतो, हे दाखवण्यासाठी तो तिथे येतो. तो लंब बरोबर ८ आहे. ब्रह्मगुप्तांच्या नियमाने १० × १७ भागिले १६ करा, पुन्हा १०.६२५ च मिळेल.)

उत्तर आलं, पण ते बरोबर आहे हे कशावरून? दोन पडताळण्या सांगतो. पहिली अगदी झटपट आहे. वर्तुळातली कोणतीही जीवा व्यासापेक्षा मोठी असू शकत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू परिवर्तुळाच्या जीवाच आहेत. म्हणून परित्रिज्या ही सर्वांत मोठ्या बाजूच्या निम्म्याहून कमी कधीच येणार नाही, आणि बरोबर निम्मी आली तर त्रिकोण काटकोनी आहे. इथे १७ चं निम्मं ८.५, आणि १०.६२५ त्याहून मोठं आहे. ठीक. सूत्रात चुकून ४ ऐवजी ८ ने भागलं असतं तर ५.३ आलं असतं आणि चूक लगेच उघडी पडली असती. मात्र २ ने भागण्याची चूक या कसोटीत सापडत नाही, कारण तेव्हा उत्तर जास्त येतं, कमी नाही.

म्हणून दुसरी पडताळणी: केंद्र शोधून तिन्ही अंतरं प्रत्यक्ष तपासायची. B हा आरंभबिंदू धरा, (०, ०). C ला (९, ०) वर ठेवा. मग A येतो (−६, ८) वर: त्याचं B पासूनचं अंतर १०, आणि C पासून १५ च्या व ८ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे १७. केंद्र BC च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून त्याचा x निर्देशक ४.५. y ठाऊक नाही. B पासूनच्या अंतराचा वर्ग २०.२५ + y². A पासूनच्या अंतराचा वर्ग १०.५² + (८ − y)². हे दोन्ही समान मांडले की y² दोन्हीकडून जातो, १६y = १५४ उरतं आणि y = ९.६२५. केंद्र (४.५, ९.६२५) वर आहे. B पासून त्याच्या अंतराचा वर्ग २०.२५ + ९२.६४०६२५ = ११२.८९०६२५, आणि हा १०.६२५ चा नेमका वर्ग आहे.

हे केंद्र आकृतीत मांडून पाहा. ते त्रिकोणाच्या आत नाही. AC च्या पलीकडे, B च्या विरुद्ध बाजूला आहे. यात नवल नाही: B पाशी विशालकोन आहे, आणि विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र नेहमी सर्वांत मोठ्या बाजूच्या पलीकडे असतं. तुकड्यावर वर्तुळाची निम्म्याहून कमी कड शिल्लक असेल तर त्यावरचे कोणतेही तीन बिंदू विशालकोन त्रिकोणच देतात. याउलट १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण घ्या. त्याचं क्षेत्रफळ ८४, परित्रिज्या २७३० भागिले ३३६ म्हणजे ८.१२५. तो लघुकोन आहे, म्हणून केंद्र आत. असे तीन बिंदू वर्तुळाच्या अर्ध्याहून लहान तुकड्यावर मावणारच नाहीत.

सूत्र फक्त त्रिज्या देतं, केंद्राची जागा देत नाही, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. त्रिज्या घेऊन कंपासने A आणि C पासून कंस काढले की ते दोन ठिकाणी छेदतात, AC च्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यांतलं खरं केंद्र कोणतं ते B ठरवतो: B पासूनही तेवढंच अंतर असेल तो बिंदू आपला. विशालकोन त्रिकोणात डोळा सहज फसतो आणि B च्या बाजूचा छेद निवडला जातो. तिसरा कंस काढल्याशिवाय केंद्रावर खूण करू नये.

आता मोजमापातल्या चुकांकडे येऊ. आपल्या तुकड्यात AC १७ ऐवजी १७.१ मोजलं गेलं असतं तर काय झालं असतं? एका मिलिमीटरची चूक कुणाच्याही हातून होते. अर्धपरिमिती १८.०५ होते, उरलेले अवयव ९.०५, ८.०५ आणि ०.९५ होतात, क्षेत्रफळ सुमारे ३५.३५ येतं आणि त्रिज्या सुमारे १०.८९. एका मिलिमीटरची चूक अडीच मिलिमीटरहून मोठी झाली. दोष त्या शेवटच्या अवयवाचा आहे. १८ मधून १७ वजा केल्यावर फक्त १ उरतो, आणि १७ मधली थोडीशी चूक त्या १ च्या मानाने मोठी ठरते.

बिंदू जितके सरळ रेषेच्या जवळ, तितकं हे वाढत जातं. एक मोठी वक्र भिंत घ्या. तिच्यावर तीन खुणा अशा केल्या की लगतची अंतरं ५०–५० सेंटीमीटर आहेत आणि टोकाचं अंतर ९९.९. सूत्राने त्रिज्या सुमारे ५५९ सेंटीमीटर येते. आता टोकाचं अंतर फक्त अर्ध्या मिलिमीटरने चुकवून पाहा. ९९.८५ धरलं तर त्रिज्या ४५७ येते आणि ९९.९५ धरलं तर ७९१. बरोबर १०० धरलं तर क्षेत्रफळ शून्य होतं आणि भागाकारच करता येत नाही. १००.१ मोजलं गेलं तर हेरॉनच्या वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, म्हणजे असा त्रिकोणच नाही. आकडेमोडीत कुठेही चूक नसताना साडेचार मीटर की आठ मीटर, हे ठरत नाही.

इथे लंबाचं रूप कामाला येतं. टोकाच्या दोन खुणांना जोडणारा दोरा ताणून धरा आणि मधल्या खुणेपासून दोऱ्यापर्यंतचं लंब अंतर थेट मोजा. ते सुमारे २.२४ सेंटीमीटर भरेल. मग R = (५० × ५०) भागिले (२ × २.२४), म्हणजे ५५८. यातही अर्ध्या मिलिमीटरची चूक करून पाहा: २.१९ धरलं तर ५७१, आणि २.२९ धरलं तर ५४६. पूर्वी तीनशेहून जास्त सेंटीमीटरचा गोंधळ होता, तो आता पंचविसावर आला. सूत्र तेच आहे, चूकही तेवढीच आहे. फक्त जी लहान लांबी त्रिज्या ठरवते ती आपण वजाबाकीतून न काढता सरळ मोजली. तीन बाजूंच्या सूत्रात ही उंची क्षेत्रफळाच्या आत लपलेली असते, आणि ९९.९ व १०० यांच्या जेमतेम फरकातून ती उकरून काढावी लागते.

म्हणून क्षेत्रफळ बाजूंच्या मानाने फारच लहान येतंय असं दिसलं की तिथेच थांबावं आणि उंची मोजावी. ९, १०, १७ च्या तुकड्यातही हे करता येतं: AC वर पट्टी ठेवून B ची उंची मोजली तर ती ४.२४ च्या आसपास भरते, आणि ९० भागिले ८.४८ हे १०.६१ देतं.

खुणा कुठे करायच्या हेही आपल्याच हातात असतं. टोकाच्या खुणा शक्य तितक्या लांब आणि तिसरी साधारण मध्यावर ठेवावी, कारण अंतर निम्मं केलं की उंची निम्मी होत नाही, जवळपास चौथाई होते. त्याच भिंतीवर टोकाचं अंतर ९९.९ ऐवजी ५० सेंटीमीटर घेतलं तर मधल्या खुणेची उंची २.२४ वरून ०.५६ वर येते. अर्ध्या मिलिमीटरची चूक पूर्वी उंचीच्या सव्वादोन टक्के होती, ती आता नऊ टक्के होते आणि त्रिज्याही साधारण तेवढ्याच टक्क्यांनी हलते.